अनुभव धागा : "माझं आयुष्य लिहून दे" म्हटल्यावर पहिल्या महिन्यात काय ठरवायचं?

धागा सुरू करणारी, कसबा बावडा

मामांचं वय 75. 1968 पासून कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात पॅटर्नमेकर, म्हणजे ओतकामासाठी लाकडी नमुने करणारे, 1976 ला स्वतःचं शॉप, 1984 ला भागीदारी तुटली, 2009 ला काम बंद. आता म्हणतात, "माझं आयुष्य पुस्तकात घाल." हाताशी मोबाईलवरचं 11 तासांचं रेकॉर्डिंग आहे, तीन हिशोबाच्या वह्या आहेत आणि पिशवीभर फोटो. गाव प्रयाग चिखली, त्यामुळे घरातले बरेच कागद 2019 च्या पुरात गेले.

ज्यांनी हे काम केलंय त्यांनी आपली पद्धत लिहा. एवढ्या पसाऱ्यातून प्रकरणं कशी पाडता? सगळ्यात आधी काय ठरवता, आणि ते चुकलं तर कुठं अडतं?

शब्दांकन करणारा, राजारामपुरी

ताई, लिहायला घेण्याआधी रेकॉर्डिंगचा हिशोब करा. म्हातारं माणूस निवांत बोललं तर तासाला पाच-साडेपाच हजार शब्द होतात. 11 तासांचे झाले साठ हजार. त्यात एकच गोष्ट तीनदा येते, मध्येच चहा येतो, शेजारी येतात. साफ केल्यावर साधारण तिसरा हिस्सा उरतो, म्हणजे वीस हजार शब्द. पानाला अडीचशे शब्द धरले तर 80 पानं. म्हणजे आज तुमच्याकडे अर्धं पुस्तक आहे. उरलेलं अर्धं काय विचारून मिळवायचं, हे ठरवण्यासाठीच प्रकरणं आधी पाडायची.

पहिला निर्णय : हे कोण वाचणार? उत्तर "सगळे" असेल तर पुस्तक होत नाही. नातवंडं वाचणार असतील तर चिखलीचं घर, आत्या, लग्नं सगळं आत येतं आणि धंदा दोन प्रकरणांत आटपतो. उद्यमनगरातली माणसं वाचणार असतील तर उलटं. मामांना दोन्ही हवं असणार, ते तसंच म्हणतील. तेव्हा एकच विचारायचं : "पुस्तक छापून आलं की पहिली प्रत कुणाच्या हातात द्याल?" ज्याचं नाव घेतील त्याच्यासाठी लिहायचं.

दुसरा निर्णय : कुठून कुठपर्यंत. "आयुष्य" म्हणजे 75 वर्षं नव्हेत. वर दिलेली वर्षं बघता 1968 ते 1984 हा पट्टा भरगच्च दिसतो. माणूस शिकला, उभा राहिला आणि भागीदारी तुटली. त्याआधीचं आणि नंतरचं मिळून पुस्तकाच्या पाव भागात बसवावं.

निवृत्त शिक्षक, मंगळवार पेठ

माझं मत वेगळं आहे. जन्म, बालपण, शाळा, नोकरी हा क्रम सरळ आहे, वाचणाऱ्याला तो कळतो आणि सांगणाऱ्यालाही आठवायला सोपा पडतो. दर पाच वर्षांचं एक प्रकरण केलं की 15 प्रकरणं आपसूक तयार. गुंतागुंत कशाला वाढवायची?

शब्दांकन करणारा, राजारामपुरी

सर, आठवण काढण्यासाठी तुमचा क्रम बरोबर आहे. मुलाखती मीही त्याच क्रमाने घेतो. पण पुस्तक त्याच क्रमाने लिहिलं की बालपणाची साठ पानं होतात, कारण ते सांगताना माणूस रंगतो आणि कुणी दुखावत नाही. धंद्यापर्यंत पोचेस्तोवर दोघंही थकलेले असतात. दुसरं म्हणजे आठवणी पाच-पाच वर्षांना सारख्या वाटलेल्या नसतात. 1990 ते 1995 बद्दल मामांकडे चार वाक्यंही नसतील, आणि 1984 च्या एका आठवड्याबद्दल दोन तास असतील.

मी असं करतो. जुन्या वहीचे पुठ्ठे पोस्टकार्डाएवढे कापायचे. एका कार्डावर एकच प्रसंग : कुठे, कोण, काय झालं. "फाउंड्रीतले दिवस" हे कार्ड नव्हे. "पहिलं पॅटर्न नापास झालं, वस्ताद काहीच बोलला नाही" हे कार्ड. 11 तासांतून शंभर-सव्वाशे कार्डं निघावीत. ती जमिनीवर मांडून ढीग करायचे. वर्षाप्रमाणे नाही, एका प्रश्नाभोवती : हात कसा बसला, शॉपसाठी पैसे कुठून आले, भागीदार कसा भेटला, का तुटलं. ज्या ढिगात पाचपेक्षा कमी कार्डं आहेत ते अजून प्रकरण नाही. एकतर दुसऱ्या ढिगात घालायचं, नाहीतर पुढच्या बैठकीत तेच विचारायचं. ज्या ढिगात वीसच्या वर आहेत तो फोडायचा.

वीसेक हजार शब्द हातात आणि तेवढेच मिळवायचे म्हटलं तर 16-18 प्रकरणं होतात, प्रत्येकी सव्वादोन-अडीच हजार शब्दांची. एका बसणीत वाचून होतं, आणि मामांना एका संध्याकाळी वाचून दाखवताही येतं. ते फार महत्त्वाचं आहे, कारण चुका त्याच वेळी कळतात.

डीटीपीवाला, लक्ष्मीपुरी

300 प्रती काढायच्या असतील तर डिजिटलवर काढा, ऑफसेट परवडणार नाही. पानं 16 च्या पटीत ठेवा. कव्हर 300 जीएसएम, मॅट लॅमिनेशन. मजकूर युनिकोडमध्येच टाईप करा. जुन्या फॉन्टमधून बदलताना र्‍य, ट्र, रफार सगळं उलटसुलट होतं आणि एकेक पान परत तपासावं लागतं.

धागा सुरू करणारी, कसबा बावडा

दादा, छपाई अजून लांब आहे. पण युनिकोडचं आत्ताच कामाचं, टायपिंग सुरूच करायचंय.

सून, जयसिंगपूर

आमच्या सासूबाईंचं लिहायचं चाललंय, म्हणून विचारते. त्यांना नोकरी नाही, शॉप नाही, कुठल्या वर्षाला काय झालं ते सांगता येत नाही. "तेव्हा धाकटा पोटात होता" असं सांगतात. हे कार्डांचं त्यांना कसं लागू करायचं?

शब्दांकन करणारा, राजारामपुरी

वहिनी, "धाकटा पोटात होता" हीच तारीख आहे. धाकट्याचा जन्मदाखला बघा, वर्ष मिळालं. त्यांचे ढीग घरांवरून करा. माहेर, सासरचं मोठं घर, वेगळं झाल्यावरची खोली. चूल कुठे होती, पाणी कुठून आणायचं, इथून सुरू केलं की त्या बोलत्या होतील.

मुद्रितशोधक, शाहूपुरी

तारखांबद्दल थोडं. तीन रकान्यांचा तक्ता करा : वर्ष, घरात काय, गावात-राज्यात काय. तिसरा रकाना आधी भरायचा. 11 डिसेंबर 1967 चा कोयनेचा भूकंप, 1972 चा दुष्काळ, जून 1975 ची आणीबाणी, 2005 आणि 2019 चा महापूर. मग "कामाला कधी लागलात?" असं न विचारता "भूकंपाच्या पहाटे कुठं झोपला होता?" असं विचारायचं. आपल्या भागात त्या पिढीला ती पहाट पक्की आठवते. मामा म्हणाले "उद्यमनगरात वस्तादाकडं", तर 1968 चुकलं. मग वही बघायची.

जन्मतारीख शाळेच्या दाखल्यावर 1 जून असेल तर ती पुस्तकाच्या पहिल्या ओळीत बिनधास्त घालू नका. त्या पिढीत शाळेत नाव घालताना मास्तरांनी कितीतरी पोरांना हीच तारीख दिली. आईने "पंचमीच्या आदल्या दिवशी" असं काही सांगितलं असेल तर ते आणि दाखला दोन्ही लिहा. तसंच त्या काळचं मॅट्रिक अकरावीचं होतं. दहावीची पहिली एसएससी 1975 ची. "मामा 1967 ला दहावी झाले" असं लिहिलं की जाणता वाचक तिथंच अडकतो.

निवृत्त शिक्षक, मंगळवार पेठ

1 जूनचं अगदी खरं. माझ्या वर्गांच्या हजेरीत निम्मी पोरं त्याच दिवशीची असायची.

भागीदाराबद्दल मात्र घाबरू नका. जे घडलं ते खरं असेल तर नाव घालून लिहा. खऱ्याला बदनामी म्हणत नाहीत. आणि तो माणूस वारला असेल तर प्रश्नच नाही.

वकील, ताराबाई पार्क

सर, दोन्ही अर्धवट बरोबर आहे. फौजदारी बदनामीत नुसतं खरं असून भागत नाही, ते सांगणं लोकहिताचंही असावं लागतं. आणि मृत माणसाबद्दल लिहिलेलंही बदनामी ठरू शकतं, जर त्यामागे त्याच्या घरच्यांच्या भावना दुखावण्याचा हेतू असेल आणि तो माणूस जिवंत असता तर त्याच्या नावाला धक्का लागला असता. पूर्वी हे भारतीय दंड संहितेच्या 499 कलमात होतं, आता भारतीय न्याय संहितेच्या 356 मध्ये आहे.

नुसतं नाव बदलूनही सुटका नाही. उद्यमनगरात 1984 ला कुठल्या शॉपची भागीदारी तुटली हे शंभर जण सांगतील. म्हणून ते प्रकरण लिहिताना मामांनी काय पाहिलं, कशावर सही केली, वहीत काय आकडा आहे, एवढंच लिहा. "त्याने फसवलं" हा निष्कर्ष लिहू नका. "मार्चच्या हिशोबात ही रक्कम दिसली नाही, मी विचारलं, उत्तर मिळालं नाही" एवढं पुरतं, आणि वाचताना ते जास्त लागतं.

आणखी एक कागद आत्ताच करा. कायद्याने सहसा शब्द लिहिणारा लेखक ठरतो, नुसता सांगणारा नाही. मुखपृष्ठावर मामांचं नाव, आत "शब्दांकन" म्हणून तुमचं, हक्क कुणाकडे, मामांच्या माघारी दुसरी आवृत्ती कोण काढणार, हे एका पानावर लिहून दोघांच्या सह्या. घरातलंच आहे म्हणून राहून जातं आणि पुढे भावाबहिणींत त्यावरूनच बिनसतं.

धागा सुरू करणारी, कसबा बावडा

पहिली प्रत कुणाला, ते विचारलं. "वस्तादाच्या पोराला" म्हणाले. म्हणजे उद्यमनगर ठरलं. आता भाषेचा प्रश्न. मामा "आलतो, गेलतो, काय करायलाईस" असंच बोलतात. पूर्ण पुस्तक तसंच ठेवू?

मुद्रितशोधक, शाहूपुरी

नको. निवेदन प्रमाण मराठीत आणि संवाद त्यांच्या बोलीत. दोनशे पानं बोलीत वाचताना बाहेरचा वाचक दमतो. शिवाय "आलतो" एका पानावर आणि "आल्तो" दुसऱ्यावर, असं होतंच.

शब्दांकन करणारा, राजारामपुरी

इथं मी सहमत नाही. पहिली प्रत वस्तादाच्या पोराला जाणार आहे, तो बाहेरचा वाचक नाही. "मी त्या वेळी अत्यंत अस्वस्थ झालो" हे वाक्य मामांच्या तोंडी दिलं की मामा पुस्तकातून उठून जातात. एकच प्रकरण दोन्ही पद्धतींनी लिहा आणि त्यांना वाचून दाखवा. कुठं मान हलवतात ते बघा. लेखनाचं म्हणाल तर पहिल्या दिवसापासून शब्दांची यादी ठेवायची, "आलतो" एकदा ठरलं की ठरलं.

मुद्रितशोधक, शाहूपुरी

मान कुठल्याही वाचनाला हलते, आपलीच गोष्ट असते. पण यादी ठेवा, ते बरोबर.

पॅटर्नशॉपवाला, उद्यमनगर

पुस्तकाचं मला कळत नाही. पण पहिलं प्रकरण "हात कसा बसला" हे असेल तर मामांच्या हातात त्यांची जुनी कॉन्ट्रॅक्शनची पट्टी द्या आणि मग रेकॉर्डिंग चालू करा. साध्या पट्टीशेजारी ती ठेवली तर मीटरमागे दहाएक मिलिमीटर मोठी असते. ओतलेलं बीड गार होताना तेवढं आकसतं, म्हणून लाकूड आधीच तेवढं मोठं करायचं. नव्या पोराने साध्या पट्टीने सागवान मापलं की कास्टिंग लहान येतं आणि मशिनिंगला मालच उरत नाही. वर जे "पहिलं पॅटर्न नापास" म्हटलंय, ते बहुतेक असंच काहीतरी असणार. किंवा ड्राफ्ट, म्हणजे पॅटर्नच्या बाजूंचा निमुळता उतार, कमी दिला असेल, मग पॅटर्न वाळूतून उचलताना साच्याची कड तुटते. दोन्ही चुका वेगळ्या, वस्तादाचं गप्प बसणंही वेगळं. नक्की कुठली ते विचारा.

आणि पट्टी कशाची तेही विचारा. अ‍ॅल्युमिनियम बिडापेक्षा जास्त आकसतं, त्याची पट्टी वेगळी असते. ओळखीच्या माणसाने वाचलं आणि पट्टी चुकीची निघाली, तर पुढचं पान तो उलटणार नाही.