हूक लावला नव्हता, पण लावायचा कशाला?

>> "हार्नेस अंगात होता, हूक तेवढा लावला नव्हता. म्हणजे चूक कामगाराचीच ना?"

अर्धंच पटतं. शिडीवरून पडल्याच्या अपघाताच्या अहवालात पाहायचं ते हे, की हूक अडकवायला तिथे काही होतं का. टेकवलेल्या शिडीच्या पायरीला हूक लावला तर माणसासोबत शिडीही खाली येते. पाइप किंवा केबल ट्रेही चालत नाही, कारण पडत्या माणसाचा झटका त्याच्या वजनाच्या कितीतरी पट असतो.

शिवाय उंचीचा हिशेब कोणी करत नाही. समजा पाय जमिनीपासून ५ मीटरवर आहेत आणि हूक पायाच्याच पातळीला, भक्कम बीमला लावलाय. दोरी २ मीटर, झटका शोषणारा पॅक फाटून आणखी १.७५ मीटरपर्यंत लांबतो, पाठीवरच्या कडीपासून पायापर्यंत सुमारे १.५ मीटर. झाले ५.२५. म्हणजे हूक लावूनही माणूस जमिनीवर आदळू शकतो. (याशिवाय पायाखाली १ मीटर मोकळी जागा ठेवायची असते, ती वेगळीच.)

अशा ठिकाणी उभी लाइफलाइन, म्हणजे वरून खाली सोडलेली दोरी लागते. वरच्या मजल्यावरून किंवा मॅनलिफ्टमधून कोणीतरी ती आधीच भक्कम जागी बांधायची आणि कामगाराने जमिनीवरच तिच्यावर रोप ग्रॅब, म्हणजे चढताना सोबत सरकणारी आणि पडताना दोरी धरणारी पकड लावून मग चढायचं. ग्रॅबवरचा बाण वरच्या दिशेला हवा. उलटा बसला तर तो धरतच नाही. पहिल्या पायरीआधी खाली झटका देऊन बघितलं की लगेच कळतं. लाइफलाइन बांधायला वर जाताच येत नसेल, तर ते काम शिडीचं नव्हेच, तिथे मचाण लावायला हवं होतं.