टॅप करायचं कार्ड मधेच पिन का मागतंय? तातडीने मदत हवी आहे

जुळे_सोलापूर
मंडळी, जरा लवकर सांगा. घरात लग्न आहे, खरेदी चालू आहे. शनिवारी नवी पेठेत कार्ड टॅप करून सगळं व्यवस्थित चाललं होतं. शेवटी शेंगा चटणी घ्यायला गेलो तर २८० रुपयांना पिन मागितला. २८०! रविवारी चपलांच्या दुकानात परत तेच. कस्टमर केअरवाले म्हणतात सर्व्हरचा प्रॉब्लेम, २४ तासांनी बघा. कार्ड खराब झालंय का? बदलून घेऊ का?

शिरीष_पुणे
खराब नाही. रिझर्व्ह बँकेचा नियम आहे, पाच टॅप झाले की सहाव्याला पिन टाकावाच लागतो. पिन टाका, परत पाच मिळतील.

विजयाताई
माझ्या नवीन कार्डाचं पण असंच आहे हो. टॅप केलं की काहीच होत नाही, दुकानदार म्हणतो आत घाला. मुलगा म्हणतो आधी मोबाइलचं कव्हर काढ. त्याचा काय संबंध?

चाटीगल्ली_टॉवेल
कार्डाच्या नादी लागताच कशाला? यूपीआय करा की राव. आमच्या दुकानात क्रेडिट कार्ड घासलं की आमच्याच खिशातून टक्का कापला जातो. शेंगा चटणीला कार्ड काढणारं गिऱ्हाईक मी पहिल्यांदा ऐकतोय.

जुळे_सोलापूर
दादा, यूपीआयची दिवसाची मर्यादा संपली होती म्हणूनच कार्ड काढलं. प्रश्नाचं उत्तर द्या ना.

मशीनवाला
मी बरीच वर्षं दुकानांत स्वाइप मशीन बसवायचं काम केलंय. तुमच्या माहितीवर काहीच सांगता येणार नाही. हे लिहा: शनिवारी किती टॅप झाले आणि कितीचे? पिन टाकला का? रविवारी चपलांच्या आधी कुठे टॅप केलं होतं का? आणि सगळ्यात महत्त्वाचं, मशीनने पिन लगेच मागितला की थोडं थांबून?

डब्लिनहून_सोलापूरकर
शिरीष, तुम्ही सांगताय तो युरोपचा नियम आहे. इकडे सलग ५ टॅप किंवा एकूण १५० युरो, यातलं एक गाठलं की पिन. भारतात रिझर्व्ह बँकेने असा आकडा ठरवून दिलेला नाही.

शिरीष_पुणे
माझ्या कार्डाला बरोब्बर सहाव्यांदाच मागतात. अनुभवाचं बोलतोय मी.

मशीनवाला
शिरीष, तुमचा अनुभव खरा असेल, पण तो तुमच्या बँकेचा आकडा. रिझर्व्ह बँकेने फक्त रक्कम ठरवली. २०१५ साली पिनशिवाय २,००० रुपयांपर्यंत, आणि १ जानेवारी २०२१ पासून ५,००० पर्यंत. दिवसाला, आठवड्याला किंवा महिन्याला असे किती व्यवहार होऊ द्यायचे, ते बँकेवर सोडलंय. कारण उघड आहे. रस्त्यात पडलेलं कार्ड एखाद्याला सापडलं तर तो ५,००० च्या आत दिवसभर टॅप करत बसेल. मोजणी असली की कुठेतरी पिनपाशी अडतो.

जुळे_सोलापूर
घ्या. शनिवारी साडी ४,८५०, मग बांगड्या, ब्लाउजपीस, टोप्या-उपरणी, मधे एक रसाचं दुकान, शेवटी चटणी. चटणीच्या मशीनवर टॅपचा आवाज आला, गोल चक्र बराच वेळ फिरत राहिलं, मला वाटलं रेंज नाही. मग पिन मागितला. टाकला नाही, रोख दिले. रविवारी सकाळी मेडिकलमध्ये १५० चं टॅप झालं, पिन न मागता. दुपारी चपला २,६०० च्या. तिथे आवाज आला आणि लगेच ENTER PIN. चक्र वगैरे काही नाही.

विजयाताई
पिन टाकला का नाही पण? साधी गोष्ट होती.

जुळे_सोलापूर
कार्ड वडिलांचं आहे. ते अक्कलकोटला आहेत, फोन लागत नव्हता. पिन त्यांनाच माहीत.

शिरीष_पुणे
हे आधी सांगायचं ना! दुसऱ्याचं कार्ड वापरणं मुळातच चूक आहे.

मशीनवाला
तो विषय बाप-लेक बघतील. पण पिन टाकलाच नाही, यावरूनच उलगडा होतोय.

शनिवारचा पिन बँकेने मागितला. आपल्याकडे टॅप केलं तरी व्यवहार बँकेकडे जातोच. बँकेच्या संगणकाने पाहिलं की बिनपिनचे टॅप भरले, म्हणून पिन घेऊन या असं परत कळवलं. ते जाऊन यायला वेळ लागला, तेच तुमचं फिरणारं चक्र. काही मशीनना हा निरोप नीट कळत नाही, तिथे व्यवहार सरळ नाकारला जातो आणि चिप आत घाला म्हणतात.

आता, पिन न टाकताही रविवारी मेडिकलचं टॅप झालं. मोजणी शेवटच्या पिनपासून चालू असती तर १५० लाही अडलं असतं. म्हणजे तुमच्या बँकेची मोजणी दिवसाची असणार, रात्रीत शून्य झाली.

चपलांचं प्रकरण निराळं. तिथे मशीनने बँकेला विचारलंच नाही. रक्कम आधीच मशीनमध्ये मारलेली असते आणि कितीच्या वर पिन मागायचा हा आकडा मशीनच्या सेटिंगमध्येच असतो. तो दुकानदार नाही, त्याला मशीन देणारी बँक भरते. ५,००० च्या आत लगेच पिन मागितला म्हणजे त्या मशीनमध्ये जुना २,००० चाच आकडा राहिला असावा. मशीन अपडेट न झाल्याने असं होतं.

डब्लिनहून_सोलापूरकर
वडिलांनी ॲपमध्ये टॅपची मर्यादा २,००० केली असेल तर? ग्राहकाला ती कमी करता येते.

मशीनवाला
येते, पण मग साडीचे ४,८५० बिनपिनचे गेले नसते. शनिवारनंतर बदलली असेल तरी ते बँकेला माहीत, मशीनला नाही. म्हणजे आधी चक्र फिरलं असतं. खात्री करायची तर त्याच दुकानात दुसरं कार्ड २,००० च्या वर टॅप करून बघा. तेही लगेच पिन मागू लागलं तर मशीनच.

चाटीगल्ली_टॉवेल
मग बिल दोनदा फाडायचं. १,३०० आणि १,३००. आमच्याकडे करतात लोक.

मशीनवाला
जमेल, पण दोन टॅप मोजले जातील. लग्नाच्या खरेदीत संध्याकाळपर्यंत परत अडाल. शिवाय एकाच कार्डाची एकाच दुकानात लागोपाठ बिलं बँकेला संशयास्पद वाटू शकतात.

विजयाताई, तुमचं यातलं काहीच नाही. २०२० च्या नियमापासून नव्या कार्डावर टॅप बंदच येतं. बँकेच्या ॲपमध्ये कार्डाच्या सेटिंगमध्ये जाऊन स्वतः चालू करावं लागतं. मोबाइलचं कव्हर राहू द्या.

विजयाताई
बघते. ॲप मुलाच्या फोनमध्ये आहे.

शिरीष_पुणे
एटीएममधून पैसे काढताना पिन टाकला तरी मोजणी शून्य होते, मी करून बघितलंय.

डब्लिनहून_सोलापूरकर
माझ्या भारतातल्या कार्डाला होत नाही. दुकानातल्या मशीनवरच टाकावा लागतो.

मशीनवाला
दोघांची बँक वेगळी असेल. दिवसाची मोजणी असेल तर बऱ्याचदा पिन टाकूनही त्या दिवसापुरतं शून्य होत नाही.

जुळे_सोलापूर
म्हणजे कार्ड बदलायची गरज नाही. उद्या सोनाराकडे जायचंय, ६२,००० आहेत. तिथे?

मशीनवाला
तिथे पहिल्याच टॅपला पिन, मशीन नवीन असो की जुनं. वडिलांना सोबत न्या. आणि निघायच्या आधी ॲपमध्ये दुकानातल्या व्यवहारांची दिवसाची मर्यादा बघायला सांगा. ती ५०,००० असेल तर पिन बरोबर टाकूनही पैसे जाणार नाहीत.