प्रतिसाद: H कोडसमोर नेमकं काय लिहायचं?

> "प्रयोगाच्या रिस्क असेसमेंट शीटमध्ये एसडीएसमधून, म्हणजे रसायनाच्या सुरक्षा माहितीपत्रकातून, धोका सांगणारे H कोड कॉपी केले, सगळ्यांसमोर ग्लोव्ह्ज-गॉगल लिहिलं, तरी गाइडने शीट परत पाठवली."

परत येणारच ना! इथेनॉलचंच बघा, पानातलं क्लोरोफिल काढायला गरम करता ते. त्याला H225 म्हणजे द्रव आणि वाफ अतिज्वलनशील, आणि H319 म्हणजे डोळ्यांची तीव्र जळजळ. गॉगल H319 ला चालतो, पण H225 समोर ग्लोव्ह्ज लिहून काय होणार, वाफ पेटायची ती पेटतेच.

म्हणून आधी प्रयोगात नेमकं काय होतं ते लिहायचं. इथेनॉल ७८ अंशाला उकळतं, पण त्याची वाफ साधारण १३ अंशापासूनच पेटू शकते, म्हणजे बाटली उघडली की धोका सुरूच, शिवाय वाफ हवेपेक्षा जड, टेबलावरून सरकत शेजारच्या बर्नरपर्यंत जाते. मग कंट्रोल असा: बर्नर पूर्ण बंद, पाणी आधीच किटलीत गरम केलेलं, इथेनॉल बीकरमध्ये नाही तर टेस्ट ट्यूबमध्ये ५ मिली, आणि मोठी बाटली बूच लावून लांब. पेटलंच तर काय, हेही लिहा, ट्यूबच्या तोंडावर ओलं फडकं टाकायचं.

आणि हो, कोड बाटलीतल्या तीव्रतेचे घ्या. हायड्रोक्लोरिक आम्ल २५ टक्क्यांच्या वर H314, म्हणजे त्वचा भाजते आणि डोळ्यांना गंभीर इजा होते, १० ते २५ मध्ये H315, म्हणजे त्वचेची जळजळ, आणि H319. पातळ करणारा आणि पातळ वापरणारा, दोघांच्या ओळी वेगळ्या.