अनुभव धागा: प्रोबेशनमध्ये असताना किंवा नोकरी बदलल्या बदलल्या कर्ज काढलंय का कुणी? बँकेनं काय काय बघितलं?

शिरोली_नाका

मंडळी, माझं रामायण आधी सांगतो, मग तुमचं येऊ दे.

शिरोली एमआयडीसीत एका फौंड्रीत सात वर्षं क्वालिटीला होतो, हातात ४४ हजार. ३० जूनला तिथनं सुटलो आणि ९ जुलैला कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीतल्या कंपनीत लागलो, हातात ५८ हजार. प्रोबेशन सहा महिने. आणि नेमका ऑक्टोबरात कळंब्यात फ्लॅट आवडला, ४२ लाख, एक लाख टोकन देऊन मोकळा झालो. घरचे म्हणाले पगार वाढलाय, बँक डोळे झाकून देईल. मीही तसंच धरलं होतं.

लोन एजंट म्हणाला साहेब प्रोबेशन सांगितलं की फाईल बाजूला पडते, जुन्या कंपनीच्या एप्रिल मे जूनच्या स्लिपा द्या, स्टेटमेंट जूनपर्यंतचं द्या, बाकी मी बघतो. मी दिलं. चूक माझीच. चौथ्या दिवशी बँकेनं जुन्या कंपनीच्या एचआरला फोन केला, तिथल्या मॅडमनी सरळ सांगितलं की ते जूनलाच गेले. फाईल नामंजूर, एजंट फोन उचलेना, आणि सिबिल रिपोर्टवर त्या बँकेची चौकशी मात्र बसली ती बसलीच.

मग दुसऱ्या बँकेत स्वतः गेलो आणि पहिल्याच बैठकीत सगळं खरं सांगितलं. आधीच्या चौकशीबद्दल त्यांनी विचारलंच, तेही सांगितलं. त्यांनी जुनं रिलीव्हिंग लेटर, नवं अपॉइंटमेंट लेटर, दोन वर्षांचे फॉर्म १६, नव्या कंपनीच्या तीन स्लिपा, सहा महिन्यांचं स्टेटमेंट आणि पीएफची सर्व्हिस हिस्ट्री मागितली. आणि घोडं अडलं पीएफवर. जुन्या कंपनीनं माझी सोडल्याची तारीख भरलीच नव्हती, म्हणजे कागदावर मी एकाच वेळी दोन्हीकडे नोकरीला! पोर्टलवर `Manage` मध्ये `Mark Exit` असतं, तिथं आपणच तारीख टाकू शकतो, पण नोकरी सोडून दोन महिने झाले पाहिजेत. माझे झाले होते म्हणून वाचलो.

शेवटी कर्ज मंजूर झालं, पण किती मंजूर झालं ती वेगळी गंमत आहे, खाली सांगतो. तुमचं सांगा.

भावा_टेन्शन_नको

काही होत नाही भावा, सिबिल चांगला असला की नोकरी दोन महिन्यांची का असंना. माझा ७८०, नवीन नोकरीत दुसऱ्या महिन्यात तीन लाखाचं पर्सनल लोन, कागद एक पण नाही, ॲपवर बटण दाबलं आणि दहा मिनिटांत पैसे खात्यात. प्रोबेशन बिबेशन कुणी विचारलं नाही. आणि तसंही नोकरी बदलली की सिबिलला आपोआप दिसतं, लपवून काय उपयोग.

माजी_क्रेडिटवाला

बावीस वर्षं बँकेत काढली, त्यातली नऊ होमलोनच्या फाईली वाचण्यात. वरच्या भावाचं अर्धं बरोबर आहे. ते प्री-ॲप्रूव्ह्ड कर्ज होतं, तुमचा पगार त्याच बँकेत जमा होतोय, बँकेला तुमचं खातं आधीपासून दिसतंय, म्हणून कागद लागले नाहीत. तीन लाखाला चालतं ते वीस वर्षांच्या तीस लाखाला चालत नाही. आणि सिबिल रिपोर्टमध्ये नोकरीचा उल्लेख असतो, पण तो आधीच्या एखाद्या बँकेनं कधीतरी कळवलेला. आज तुम्ही कुठं आहात ते त्यावरून कळत नाही. ते कळतं पगाराच्या नोंदीतल्या कंपनीच्या नावावरून, पीएफवरून आणि एचआरच्या फोनवरून.

प्रोबेशन या शब्दाला आम्ही घाबरत नव्हतो. अपॉइंटमेंट लेटर हातात आलं की मी आधी नोटीस पिरियडचा परिच्छेद शोधायचो. कायम झाल्यावर दोन-तीन महिने आणि प्रोबेशनमध्ये सात किंवा पंधरा दिवस असं बऱ्याच पत्रांत असतं. म्हणजे हा माणूस पंधरा दिवसांच्या सूचनेवर घरी बसू शकतो. मग मी बघायचो की घरी बसला तर दुसरी नोकरी किती लवकर लागेल. सात वर्षं फौंड्रीत क्वालिटी, आता परत क्वालिटीच, मध्ये आठ दिवसांचा खंड, पगार चढता. हा माणूस उद्या सुटला तर परवा शिरोलीतच कुठंतरी लागेल. अशी फाईल मी पुढे पाठवायचो. याउलट तीन वर्षं सेल्स, मग पाच महिने काहीच नाही, मग एका शाळेत ॲडमिन आणि आता दोन महिन्यांपासून विमा कंपनीत, अशा अर्जदाराला पगार जास्त असला तरी मी सहा महिने थांबा म्हणायचो.

बहुतेक ठिकाणी एकूण अनुभव दोन वर्षं तरी मागतात. चालू नोकरीतली मुदत कुठं सहा महिने, कुठं वर्ष, कुठं मागचा अनुभव धरून सूट. एका बँकेचा नियम दुसरीला लागू नाही, म्हणून एका नकारानं खचू नका, पण त्याच आठवड्यात पाच ठिकाणी अर्जही टाकू नका.

नाना, तुम्ही जे एजंटच्या नादानं केलं ते मात्र फार वाईट. प्रोबेशन ही अडचण आहे, लपवाछपवी हा नकार आहे. अशी फाईल समोर आली की मी पुढचं पान उलटत नव्हतो.

चप्पल_लाईन

आमचं काय ओ? आमाला पगारच न्हाई. दुकान हाय बारा वर्षं, बँक म्हणती रिटर्न दाखवा, दोनच वर्षांचे भरलेत. शेवटी पतसंस्थेतनं दोन जामीनदार देऊन काढलं. तुमचं प्रोबेशन परवडलं म्हणायचं.

माजी_क्रेडिटवाला

दादा, धंद्याच्या फाईलचं गणितच निराळं, त्यासाठी वेगळा धागा काढा, मी तिथं लिहीन.

भुदरगडची_लेक

मिस्टर जि. प. शाळेत शिक्षणसेवक आहेत. प्रोबेशन म्हटलं की खाजगीवालेच बोलतात, आमचं तर तीन वर्षांचं आहे आणि मानधन १६ हजार. नोकरी जाणार नाही हे गावातल्या शेंबड्या पोरालाही माहीत आहे, पण बँकेत सांगितलं की म्हणतात आज १६ वरच हप्ता बसवावा लागेल, पुढची वेतनश्रेणी आज धरता येत नाही. त्या हिशोबानं जेमतेम आठ-नऊ लाख बसत होते, त्यात गारगोटीत एक खोली पण व्हायची नाही. शिक्षकांच्या सोसायटीत चौकशी केली तर कायम झाल्यावर या म्हणाले. शेवटी सासऱ्यांची पेन्शन धरून त्यांना सहकर्जदार केलं, पण त्यांचं वय ६६, म्हणून मुदत फक्त नऊ वर्षं मिळाली आणि हप्ता डोईजड झाला. मग नकोच म्हटलं. मला कळत नाही, खाजगीतला माणूस पंधरा दिवसांत जाऊ शकतो त्याला मिळतं आणि आम्हाला नाही, हे कसलं स्थैर्य मोजतात?

माजी_क्रेडिटवाला

ताई, तुमच्याकडं स्थैर्य भरपूर आहे, कमी पडली ती आजची आवक. बँक दोन्ही वेगवेगळं मोजते. बरोबर की चूक यावर मी स्वतः वरिष्ठांशी भांडलोय, जिंकलो नाही.

हिंजवडी_ते_उचगाव

आयटीत आहे, पुण्यात नोकरी, घर उचगावला बांधतोय. तीन वर्षांत तीन कंपन्या. मला वाटलेलं यावरूनच उडवतील, पण एकूण सहा वर्षं आणि पीएफ एकाच यूएएनवर सलग, त्यामुळं त्यावर फार खेचलं नाही. अडलं भलतीकडंच. मधली एक नोकरी मोठ्या कंपनीची म्हणून मी ऐटीत लिहिली होती, पण पगार एका कंत्राटदार एजन्सीच्या पेरोलवर होता. स्टेटमेंटवर एजन्सीचं नाव, माझ्या फॉर्मवर मोठ्या कंपनीचं. त्यावर खुलासा लिहून द्यावा लागला आणि दोन आठवडे त्यात गेले. तर फॉर्ममध्ये पगार ज्याच्याकडून येतो त्याचंच नाव लिहा, गळ्यात आयकार्ड कुणाचं का असंना.

आता माझा प्रश्न. कर्ज मंजूर झालंय, बांधकामाप्रमाणे टप्प्याटप्प्यानं पैसे मिळतायत, दोन टप्पे आले. आणि मला आता चौथी ऑफर आलीय. बँकेला सांगायचं का?

भावा_टेन्शन_नको

गप बस भावा, हप्ता वेळेवर गेला की कोण विचारतंय.

माजी_क्रेडिटवाला

करारनामा काढून वाचा. नोकरी बदलली तर कळवावं असं कलम बहुतेक करारांत असतं. लोक कळवत नाहीत हे खरं आहे आणि बहुतेकदा काही होतही नाही. पण पहिला चेक देण्याआधी एचआरला पुन्हा फोन जातो हे मला माहीत आहे, पुढच्या टप्प्यांना काही बँका करतात, काही करत नाहीत. तुमची कुठल्या जातीची आहे ते मी सांगू शकत नाही. निदान नवी नोकरी सुरू होऊन पहिला पगार येईपर्यंत पुढचा टप्पा मागू नका, एवढं करता येईल.

शिरोली_नाका

आता माझ्या रकमेची गोष्ट, कारण इथं बरेच जण फसतात असं वाटतंय.

बँक ४२ लाखाच्या ८० टक्के, म्हणजे ३३ लाख ६० हजार देईल असं मी धरलं होतं. माझ्या डोक्यात महिना ६८ हजार, कारण सीटीसीत वर्षाचे एक लाख वीस हजार व्हेरिएबल. बँकेतल्या बाई म्हणाल्या ते व्हेरिएबल अजून एकदाही खात्यात आलेलं नाही, ते विसरा. ५८ हजार धरणार, त्याच्या निम्मे म्हणजे २९ हजार सगळ्या हप्त्यांना मिळून. त्यातनं बुलेटचा ४,५०० चा हप्ता वजा, राहिले साडेचोवीस. साडेआठ टक्के, वीस वर्षं, लाखाला सुमारे ८६८ रुपये हप्ता. म्हणजे २८ लाखाच्या आसपास. साडेपाच लाखाचा खड्डा!

मी म्हटलं बुलेटचे ३८ हजारच राहिलेत, आजच भरतो. बाई म्हणाल्या मग भरा की. भरले, बंद झाल्याचं पत्र आणून दिलं, २९ हजार मोकळे, तेहतीस लाख चाळीस हजार बसले. ३८ हजारानं पाच लाखाचा फरक पडला. मला कुणी आधी सांगितलं असतं तर बुलेट सप्टेंबरातच बंद केली असती.

मंजुरीपत्रात एक अट आहे, चेक द्यायच्या वेळी कंपनीचं पत्र पाहिजे की हा माणूस कामावर आहे आणि नोटीसवर नाही. आमचा एचआर म्हणतोय प्रोबेशनवाल्याला असलं पत्र देत नाही, जानेवारीत कन्फर्मेशन घेऊनच जा. मंजुरीची मुदत तीन महिने, नोव्हेंबरच्या दहापासून. बिल्डर मात्र डिसेंबर अखेर म्हणतोय.

राजारामपुरी_सातवी_गल्ली

साठेखतात कर्ज नाही मिळालं तर टोकन परत असं लिहून घेतलंय का? आमच्या भाच्यानं घेतलं नव्हतं, त्याचे पन्नास हजार अजून बिल्डरकडंच आहेत.

शिरोली_नाका

साठेखत झालंच नाही अजून, नुसती पावती आहे. आणि पावतीच्या मागं बारीक अक्षरात काहीतरी आहे, आत्ता बघतो.

माजी_क्रेडिटवाला

वाचून इथं लिहा. आणि एचआरला सांगा, नोटीसवर नाही एवढंच लिहायचंय, कायम केलंय असं लिहायला बँक सांगत नाहीये. यावर बऱ्याचदा तयार होतात.

शिरोली_नाका

सोमवारी विचारतो. पावतीवर लिहिलंय रक्कम परत मिळणार नाही.