मदत हवी आहे: फोनच्या स्क्रीनवर हिरवी रेघ, वॉरंटी संपून दोन महिने

परवा रात्री अपडेट टाकलं आणि सकाळी ओलेड स्क्रीनवर वरपासून खालपर्यंत हिरवी रेघ! फोन १४ महिन्यांचा, एकदाही पडलेला नाही. स्क्रीनशॉट काढून दुसऱ्या फोनवर पाहिला, त्यात रेघ नाही. म्हणजे दोष पॅनेलचाच, रीसेट करून जाणार नाही.

ठाण्यातल्या सर्व्हिस सेंटरवाल्याने आधी भिंग लावून कडा तपासल्या. कोपऱ्यावर केसाएवढा ओरखडा दिसला, तर म्हणे "फिजिकल डॅमेज, पैसे भरावे लागतील." अहो, काच शाबूत आहे! काही कंपन्या वॉरंटीनंतरही हिरव्या रेघेसाठी एकदा फुकट स्क्रीन बदलून देतात ना? एखादा डेड पिक्सेल असता तर मी गप्प बसलो असतो, तेवढ्यासाठी सहसा बदलून देत नाहीत.

ठाणे-नवी मुंबईत कुणाला अशी बदलून मिळाली का? जॉबशीटवर काय लिहून घेतलंत?