कैद्यांचा पेच आणि जेटीजवळची दोन काजूची दुकानं

जेटीकर
मालवणात जेटीच्या वाटेवर आमचं काजू-कोकमचं दुकान आहे. भिंतीला भिंत लागून दुसरं, तोच माल. दोघांचाही अख्खा काजू १,००० रुपये किलो, आम्हाला पडतो ८०० ला. सीझनला प्रत्येकाचा दिवसाला २० किलो खपतो. मी एकट्याने ९२० लावला तर माझा ४५ किलो जाईल आणि त्याचा ४ उरेल. त्याने लावला तर उलट. दोघांनी लावला तर २२-२२. पुतण्या म्हणतो, हा कैद्यांचा पेच आहे, शेजारी काहीही करो, तुम्ही भाव पाडलाच पाहिजे. मग इतकी वर्षं आम्ही दोघं हजारावर का बसलोय? तो चुकतोय की आम्ही?

अवधूत_रत्नागिरी
पुतण्याचा हिशेब बरोबर आहे, फक्त तो एका दिवसाचा आहे. मूळ गोष्टीत पोलिसांनी पकडलेले दोन साथीदार असतात: दोघं गप्प राहिले तर दोघांना थोडी शिक्षा, एकट्याने कबुली दिली तर तो सुटतो आणि दुसरा जास्त अडकतो, म्हणून दोघंही कबुली देतात आणि गप्प राहण्यापेक्षा जास्त शिक्षा भोगतात.

आज दोघं हजारावर आहात, म्हणजे किलोमागे २०० सुटतात आणि दिवसाचे ४,००० होतात. तुम्ही एकट्याने ९२० केलं तर किलोमागे १२० च सुटतील, पण ४५ किलोंचे ५,४०० होतील. शेजाऱ्याचे ४ किलोंचे ८०० राहतील. दोघांनी पाडला तर प्रत्येकी २,६४०. आता शेजारी हजारावर आहे असं धरा: तुम्हाला ४,००० पेक्षा ५,४०० बरे. तो ९२० वर आहे असं धरा: तुम्हाला ८०० पेक्षा २,६४० बरे. दोन्हीकडून उत्तर एकच येतं, ‘पाड’. शेजारीही हाच हिशेब करतो आणि दोघं ४,००० सोडून २,६४० वर येऊन बसता. दोघांपैकी कोणीच मूर्खपणा केलेला नसतो, आणि पेच म्हणतात तो यालाच.

पण तुम्ही उद्या सकाळीही शटर उघडणार. आज पाडलात तर आज १,४०० जास्त मिळाले. उद्यापासून शेजारीही पाडणार, म्हणजे रोज १,३६० कमी. दोनच दिवसांत कमावलेलं सगळं जाऊन वर खिशाला खार. उद्या पुन्हा समोरासमोर असण्याची शक्यता निम्म्याहून किंचित जास्त असली तरी तुमच्या आकड्यांत भाव न पाडता गप्प बसणं, म्हणजे सहकार्यच, फायद्याचं ठरतं. जेटीवर ती शक्यता जवळपास शंभर टक्के आहे. त्यामुळे तुम्हीही चुकत नाही.

बाजारपेठ_कणकवली
एवढं गणित कशाला? गोष्टीतले कैदी वेगवेगळ्या खोल्यांत कोंडलेले असतात, एकमेकांशी बोलू शकत नाहीत, म्हणून फसतात. तुमच्यात तर एक भिंत आहे. संध्याकाळी चहा मागवा, हजार ठरवा, विषय संपला. पुस्तकातल्या लोकांना बाजार कळत नाही.

अवधूत_रत्नागिरी
खोल्या एक केल्या तरी पेच सुटत नाही, हीच त्यातली गंमत आहे. चहावर ‘हजार’ म्हणून हात मिळवला आणि सकाळी एकाने ९२० ची पाटी लावली, तर त्याला ५,४०० मिळायचे ते मिळतातच. शब्द मोडल्याची किंमत कुठून तरी वसूल झाली पाहिजे. ती चहातून होत नाही, उद्याच्या धंद्यातून होते.

आणि बसून भाव ठरवणं हा स्पर्धा कायदा, २००२ च्या कलम ३ चा विषय आहे. एकाच मालाच्या विक्रेत्यांनी आपसांत किंमत ठरवली तर स्पर्धेला बाधा आली असंच गृहीत धरलं जातं. शेजाऱ्याची पाटी बघून आपली पाटी ठरवणं वेगळं आणि बोलून ठरवणं वेगळं.

बाजारपेठ_कणकवली
दोन टपऱ्यांसाठी दिल्लीहून कोणी येणार आहे का? काहीतरीच.

सुलभा_पुणे
कायद्याचं राहू द्या, गिऱ्हाइकाचं कोणी बोलणार आहे का? दरवर्षी मे महिन्यात आम्ही येतो आणि चार दुकानं फिरलो तरी एकच भाव. तुम्ही ज्याला ‘सहकार्य’ म्हणताय त्याचे पैसे माझ्या पर्समधून जातात. किलोमागे ८० रुपये! मला विचाराल तर पेचच चांगला. दोघांनी खुशाल भांडावं.

अवधूत_रत्नागिरी
सुलभाताई, हे मान्य. मूळ गोष्टीतही दोघांनी कबुली दिली की पोलिसांचं काम होतं, ते काही रडत बसत नाहीत. पेच ‘वाईट’ असतो तो त्या दोघांपुरता, गावापुरता नव्हे.

देवबागचो_गजाल
ह्या सगळा ठीक आसा, पण माका काय पटणा नाय. माजा किराण्याचा दुकान वाडीत. बाजूच्यान दोन वर्षांमागे साखर, तेल सगळा खाली केल्यान. माजी चार-पाच गिऱ्हाइका गेली, बाकीची खय जाणत? म्हयन्याची वही माज्याकडे, पोराच्या फीक उसने मीच दितंय. मी भाव हलवलंयच नाय. दोन म्हयन्यांत तोच गप वर इलो. मगे तुमचो पेच खय गेलो?

अवधूत_रत्नागिरी
गजालभाऊ, तुमच्याकडे पेच नव्हताच, म्हणून गेला कुठे हा प्रश्न येत नाही. जेटीकरांचेच आकडे घेऊन बघू. समजा त्यांची गिऱ्हाइकं तुमच्यासारखी बांधलेली आहेत. शेजाऱ्याने ९२० केलं तरी ह्यांचा २० पैकी १५ किलो हजारानेच जातो, म्हणजे ३,००० सुटतात. शेजाऱ्याचा माल फार तर ३० किलो जाईल, १२० ने ३,६००. पण भाव न पाडता त्याला ४,००० मिळतच होते! पाडणाऱ्याचंच नुकसान, आणि ज्याच्यावर पाडला त्यालाही २,६४० च्या मागे धावण्यापेक्षा जागेवर राहणं बरं. दोघांनी आपापला स्वार्थ बघितला तरी भाव टिकतो.

म्हणून ‘दोन शेजारी दुकानं’ म्हटलं की पेच आलाच असं नाही. एकट्याने पाडल्यावर मिळणारी रक्कम दोघांनी न पाडल्यावर मिळणाऱ्या रकमेपेक्षा मोठी आहे का, आणि एकट्याने न पाडल्यावर उरणारी रक्कम दोघांनी पाडल्यावरच्या रकमेपेक्षा लहान आहे का, हे दोन प्रश्न विचारायचे. दोन्हींना ‘हो’ असेल तरच पेच. पर्यटक पाटी वाचून दुकान निवडतो, वाडीतला माणूस वही बघून. जेटीवर म्हणूनच पेच आहे आणि वाडीत नाही.

हर्णै_मास्तर
अवधूतराव, तुम्ही ‘उद्या पुन्हा समोरासमोर’ म्हणता, पण सीझनला शेवट असतो. पावसाळ्यात किल्ल्याच्या होड्या बंद. समजा ३१ मे हा शेवटचा धंद्याचा दिवस. त्या दिवशी भाव पाडला तर शिक्षा करायला उद्याच नाही, म्हणून दोघंही पाडणार. मग ३० मेला गप्प राहून काय मिळालं? ३१ ला तो पाडणारच आहे. म्हणून ३० ला पाडायचं. असं मागे मागे येत दिवाळीपर्यंत पोचतो. तर्काने पहिल्याच दिवशी ९२० ची पाटी लागली पाहिजे. पुतण्याच बरोबर.

अवधूत_रत्नागिरी
मास्तर, तर्कात खोट नाही. पण माणसं तशी खेळत नाहीत, आणि हे पहिल्याच प्रयोगात दिसलं होतं. १९५० साली अमेरिकेत रँड संस्थेत मेरिल फ्लड आणि मेल्विन ड्रेशर यांनी हा डाव बसवला. कैद्यांची गोष्ट त्याला नंतर अल्बर्ट टकर यांनी जोडली. फ्लड-ड्रेशर यांनी अर्थतज्ज्ञ आर्मेन अल्चियन आणि गणिती जॉन विल्यम्स यांना समोरासमोर बसवून शंभर डाव खेळवले. शंभरावा डाव शेवटचा, हे दोघांना ठाऊक होतं. तुमच्या तर्काने एकदाही सहकार्य व्हायला नको होतं. ६० डावांत दोघांनीही सहकार्य केलं.

शिवाय तुमच्या तर्काला शेवटचा दिवस पक्का लागतो. अमेरिकी राज्यशास्त्रज्ञ रॉबर्ट ॲक्सेलरॉड यांनी १९८० च्या सुमारास याच डावाची संगणक प्रोग्रॅमांची स्पर्धा घेतली. पहिल्या फेरीत २०० डाव ठरलेले होते. दुसऱ्या फेरीत ६२ प्रोग्रॅम आले आणि शेवट कधी हे आधी सांगितलंच नाही. दोन्ही वेळा जिंकला अनातोल रॅपोपोर्ट यांचा ‘जशास तसे’: पहिल्यांदा सहकार्य, नंतर समोरच्याने मागच्या वेळी केलं तेच.

जेटीकरांच्या शेजाऱ्याचा ३१ मे हा शेवट नाहीच. दिवाळीला तोच शेजारी, तीच भिंत.

हर्णै_मास्तर
आणि शेजाऱ्याने दुकान विकायला काढलं असेल तर? त्याला दिवाळी नाही. आमच्याकडे बंदरावर एकाने भाडेकरार संपायच्या महिन्यात असाच भाव पाडून माल उडवला आणि बाजूचा बघत बसला.

अवधूत_रत्नागिरी
तिथे तुमचं मागे मागे येणं खरं ठरतं. म्हणून शेजारी नवा माल भरतोय की नाही, एवढं लक्षात ठेवावं.

जेटीकर
सगळ्यांचे आभार. आता खरी अडचण सांगतो. पाटी दोघांची हजारच आहे. पण गेल्या पंधरवड्यापासून टुरिस्ट गाड्या त्याच्याच दारात उभ्या राहतात. तो ड्रायव्हरला किलोमागे पन्नास देतो असं ऐकतोय. विचारलं तर म्हणतो, ‘छे, सावलीला थांबतात.’ त्याच्या दारात आंब्याचं झाड आहे, हेही खरं. ‘जशास तसे’ म्हणून मीही चालू करू का?

अवधूत_रत्नागिरी
कमिशन म्हणजे झाकलेली भावकपातच. गिऱ्हाइकं वाढत नाहीत, नुसती ह्या दारातून त्या दारात जातात. त्याच्याकडे ३० किलो गेले तर किलोमागे १५० सुटून त्याचे ४,५०० होतात, तुमच्या १० किलोंचे २,०००. दोघांनी कमिशन दिलं तर पुन्हा २०-२० आणि प्रत्येकी ३,०००. पेच तोच, पण पाटी तासाभरात दिसते आणि कमिशन कळायला पंधरवडा जातो. रोजचे ५०० जास्त, पंधरा दिवस, म्हणजे शिक्षा सुरू होण्याआधीच त्याचे ७,५०० झाले. भाव टिकतो तो चोरी लवकर कळते म्हणून, आणि इथे तेच सुटतंय.

उलट खरंच सावली असेल आणि तुम्ही कमिशन सुरू केलंत, तर तो तुमच्या उत्तरात करेल, तुम्ही त्याच्या, आणि ‘जशास तसे’ला मधे थांबता येत नाही. गैरसमज होण्याची शक्यता असेल तिथे अधूनमधून एखादी चूक पोटात घालणारी रीत जास्त टिकते. मी असतो तर आधी गाड्या नाही, त्याच्या पिशव्या मोजल्या असत्या. सावलीला थांबलेले लोक थंड सरबत घेतात, ड्रायव्हरने आणलेले काजू घेतात.

बाजारपेठ_कणकवली
मी म्हटलं होतं, चहा मागवा.

देवबागचो_गजाल
चाय नको. दारात एक मांडव घाल. सावली तुज्याकडेय जायत. मगे गाडये खय ऱ्हवतत ता बघ.

सुलभा_पुणे
म्हणजे इतकी वर्षं आमचा ड्रायव्हर ‘इथला माल चांगला’ म्हणत होता तो पन्नास रुपयांसाठी? जेटीकर, तुम्ही ड्रायव्हरऐवजी ते पन्नास मला का देत नाही, हे कोणी सांगेल का?

हर्णै_मास्तर
कारण ताई, तुम्हाला दिले की पाटीवर दिसतात.