शेल, बंडल, बॅफल, फाउलिंग: प्रशिक्षणार्थींसाठी मराठीत काय लिहावं?

प्रशिक्षक: नव्याने येणाऱ्या मुलांसाठी शेल-अँड-ट्यूब एक्स्चेंजरवर मराठी टिपणं काढतोय. शेलला कवच, ट्यूब बंडलला नळ्यांची जुडी, बॅफलला अडथळा आणि फाउलिंगला तुंबणं, असं लिहिलंय. बहुतेक मुलं मराठी माध्यमातली आहेत. हे शब्द चालतील का?

फिटर_दादा: शेल आणि बंडलला हात लावू नका. ड्रॉइंगवर, वर्क परमिटवर, स्टोअरच्या कार्डावर तेच शब्द आहेत. ‘उद्या बंडल ओढायचंय’ म्हटलं की क्रेनवाल्यापासून खलाशापर्यंत सगळे कामाला लागतात. ‘जुडी’ म्हटलं तर आधी अर्थ विचारतील, आणि परमिटवर सही करताना असा घोळ परवडत नाही.

मायबोलीकर: मला पटत नाही. मुलं ‘शेल साइड, ट्यूब साइड’ पोपटासारखं म्हणतात. पाणी नळीच्या आत आहे की बाहेर विचारलं तर गप्प बसतात. ‘कवच’ म्हटल्याबरोबर बाहेरचं काय ते कळतं. परमिटवर शेल लिहा, पण शिकवताना मराठीच हवी.

बी_शिफ्ट: तुंबणं अगदी बरोबर आहे. दाबाचा फरक वाढला की फाउलिंग झालं समजायचं. आम्ही तेच बघतो.

प्रोसेसवाली: नेमकं इथेच मूल चुकेल. नळीचा आतला व्यास २० मिमी धरा, आत अर्धा मिमी क्षार बसला. व्यास १९ मिमी उरला, पाणी सुखाने जातंय. तेवढंच पाणी सोडलं तर दाबाचा फरक साधारण ३० टक्के वाढेल, म्हणजे ०.५ बारचा ०.६५ बार. १० बारच्या गेजवर तो कुणाच्या नजरेत भरणार? पण क्षारातून उष्णता फार हळू जाते. स्वच्छ असताना उष्णता-संक्रमणाचा गुणांक १००० असेल, तर या थराने तो ८००च्या आसपास येतो. पाचवा हिस्सा गेला. तुंबलंय का एवढंच बघणारा मुलगा गेज ठीक म्हणून पुढे जाईल, आणि गरम बाजूचं बाहेर पडणारं तापमान रोज थोडं थोडं वर सरकत राहील.

म्हणून फाउलिंगला एकच मराठी शब्द देऊ नका. काय बसलंय ते सांगा. क्षार, गाळ, शेवाळ. कॅल्शियमचा क्षार पाणी तापलं की कमी विरघळतो, म्हणून तो सगळ्यात गरम टोकाला बसतो. पाण्याचा व्हॉल्व्ह बारीक केला तर नळीची भिंत आणखी तापते आणि थर वाढतो. त्यात वेग कमी झाला की गाळही खाली बसतो. धुण्याची रीतही वेगळी: क्षाराला ॲसिड, गाळाला जेट. नळ्या स्टेनलेसच्या असतील तर हायड्रोक्लोरिक ॲसिड चालत नाही.

बी_शिफ्ट: पण शेवाळ आणि गाळ आला की दाब वाढतोच, हे आमच्या पॅनेलवर दिसतं.

प्रोसेसवाली: हो, तिथे दिसतो. पातळ क्षारात तापमान आधी बोलतं. दोन्ही बघायला शिकवा.

प्लेटवाला: आमच्याकडे प्लेटचा एक्स्चेंजर आहे, गॅस्केटमधून गळतंय. बोल्ट किती टॉर्कला आवळायचे?

फिटर_दादा: टॉर्कवर नाही, प्लेटांच्या गठ्ठ्याच्या मापावर आवळतात. नेमप्लेटवर माप असतं, त्याच्या खाली जाऊ नका. आवळण्याआधी दाब उतरवा. बाकीचं वेगळ्या धाग्यात विचारा.

आता बॅफलचं. ‘अडथळा’ हा शब्द मला खटकतो. अडथळा म्हटलं की तो काढून टाकायचाच असतो. एका मुलाने बंडल बाहेर ओढल्यावर विचारलं होतं, हे पत्रे काढले तर प्रवाह मोकळा नाही का होणार? मोकळा होईल खरा, पण आत आलेलं द्रव नळ्यांच्या कडेकडेने सरळ निघून जाईल. बॅफलमुळे ते नळ्यांवर आडवं आपटतं, वर-खाली वळत जातं. शिवाय लांब नळीला मध्ये मध्ये आधार तोच. आधार नसला की नळी थरथरते. बॅफलचं भोक झिजून मोठं झालं तरी तेच: नळी भोकाच्या कडेवर घासून पातळ होते आणि तिथेच फुटते.

मायबोलीकर: मग ‘आडपडदा’ म्हणा.

प्रोसेसवाली: पडदा म्हटलं की पूर्ण बंद वाटतं. बॅफलचा साधारण पाव भाग कापलेला असतो, आणि त्या फटीतूनच द्रव पुढे जातं. मला ‘वळणपत्रा’ जवळचा वाटतो.

फिटर_दादा: पत्र्यावर कुणी तो शब्द लिहिलेला नाही. बॅफलच राहू द्या.

प्रशिक्षक: अडथळा आणि तुंबणं दोन्ही काढतो. शेल, बंडल तसेच ठेवून पहिल्या पानावर कवच आणि जुडी एकदा लिहीन. फाउलिंगच्या पानावर तीन थरांची तीन चित्रं आणि शेजारी तापमानाची नोंदवही. बॅफलसाठी कापलेल्या भागाचं चित्र काढतो. वळणपत्रा की बॅफल, यावर अजून बोला.

मायबोलीकर: चित्राखाली दोन्ही लिहा. मुलं कोणता उचलतात ते बघू.